दोन सह्यांचा ठराव

न्यासाचे पैसे बँकेतून कोणाच्या सहीने निघावेत, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो, आणि म्हणूनच न्यासपत्रातील उद्दिष्टांच्या शब्दाशब्दावर रात्री जागविणारी मंडळी हा एक प्रश्न मात्र बँकेच्या छापील अर्जावर सोपवून मोकळी होतात. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गरीब विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालविण्याच्या हेतूने सात जणांनी मिळून एक न्यास स्थापिला. धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी त्याची रीतसर नोंदणी होऊन दाखला हाती आला. आणि बँकेत खाते उघडण्याचा ठराव विश्वस्तांच्या बैठकीपुढे यावयाचा, त्याच्या आधी न्यासाचे चिटणीस, ज्यांना सारे गाव भाऊ म्हणते, आणि बँकेच्या शाखांचा कारभार पाहण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले नाना, जे त्या सातांपैकीच एक, यांच्यामध्ये जो वाद झाला, तो मी प्रारंभापासून अखेरपर्यंत ऐकला. दोघांचाही न्यासावर जीव आहे, दोघांच्याही सचोटीविषयी शंका घेण्यास जागा नाही, आणि तरीही दोघांची मते परस्परांपासून पुष्कळच दूर होती. तो वाद शक्य तितका त्यांच्याच शब्दांत येथे देतो.

भाऊ : नाना, आपण बँकेत हयात घालविली, म्हणून या सहीच्या गोष्टीला आपण एवढे महत्त्व देता, हे मी समजू शकतो, परंतु वसतिगृह चालवावयाचे ते मला. महिन्याच्या पाच तारखेला स्वयंपाकीणबाईंचा पगार, दहा तारखेला किराणा दुकानदाराचे बिल, मध्येच कधी नळ फुटला, कधी मुलाला ताप येऊन दवाखान्यात न्यावे लागले. अध्यक्ष वयोवृद्ध, त्यांचा हात थरथरतो, खजिनदार गुरुजी अर्धे दिवस मुलाकडे पुण्यास असतात, आपण साताऱ्यास, एक विश्वस्त मुंबईस, एक वर्षातून सहा महिने अमेरिकेत मुलीकडे. गावात कायमचे असे मी आणि डॉक्टरबाई. अशा स्थितीत खाते एकट्या चिटणिसाच्या सहीने चालावे, असा ठराव केला तर त्यात गैर काय? सातही जणांचा माझ्यावर विश्वास आहे, आणि तो नसेल तर मी आजच चिटणीसपण सोडतो.

नाना : आपल्यावरचा विश्वास हा येथे विचाराचा विषयच नव्हे, भाऊ. समजा, उद्या ही जागा आपल्याहून दुसऱ्या कोणाकडे गेली, तर ठराव तोच राहील आणि माणूस बदललेला असेल. ठराव हा माणसासाठी करावयाचा नसून जागेसाठी करावयाचा असतो. आणि मूळ मुद्दा याच्याही अलीकडचा आहे. वसतिगृहाचा पैसा आपला नाही, माझा नाही, अध्यक्षांचाही नाही. तो कायद्याने सातही विश्वस्तांच्या हाती एकत्रितपणे सोपविलेला आहे. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाच्या ४८ व्या कलमात असे सांगितले आहे की, विश्वस्त एकापेक्षा अधिक असतील तेथे न्यासाच्या अंमलबजावणीत सर्वांनी सामील झाले पाहिजे, न्यासपत्रात वेगळी तजवीज असेल तेवढी सोडून. तो अधिनियम खाजगी न्यासांसाठी आहे, धर्मादाय न्यासांना तो जसाच्या तसा लागू नाही, हे खरे. आपल्याला लागू आहे तो १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, ज्याला पूर्वी मुंबईचे नाव होते. पण विश्वस्तांनी मिळून वागावे, हे तत्त्व न्यायालये धर्मादाय न्यासांच्या बाबतीतही मानीत आली आहेत.

भाऊ : मग त्या तत्त्वाप्रमाणे प्रत्येक धनादेशावर सात सह्या घ्याव्या लागतील! भाजीवाल्याचे पैसे द्यावयाला मुंबई, पुणे आणि अमेरिका यांची एकवाक्यता व्हावयाची असेल, तर मुले उपाशी राहतील.

नाना : हा प्रश्न आपण विचारलात हे उत्तम झाले, कारण ठरावाची गरज नेमकी येथेच उत्पन्न होते. त्याच १८८२ च्या अधिनियमाचे ४७ वे कलम म्हणते की, विश्वस्ताने आपले काम दुसऱ्यावर सोपवू नये. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही आहे की, ज्या कृत्यात स्वतःचा स्वतंत्र विवेक चालवावयाचा नसतो, केवळ ठरलेले पार पाडावयाचे असते, त्यासाठी मुखत्यार नेमणे म्हणजे काम सोपविणे नव्हे. आता धनादेशाकडे या दृष्टीने पाहा. किराणा दुकानदाराला महिन्याचे पैसे द्यावयाचे, हे विश्वस्तांनी बैठकीत अंदाजपत्रक मंजूर करताना ठरविले असेल, तर त्या धनादेशावरची सही ही अंमलबजावणी झाली. ती दोघांनी केली तरी सातांचीच. परंतु वसतिगृहाच्या मागची जागा विसार देऊन धरावी की नाही, हा निर्णयच जर एकाने धनादेश फाडून घेतला, तर ती सही म्हणजे अंमलबजावणी राहत नाही, तो निर्णय होतो, आणि तो निर्णय एकट्याचा होतो. सहीचा अधिकार देताना निर्णयाचा अधिकार मात्र मंडळाने आपल्यापाशीच ठेवावा लागतो. बँकेला हा भेद दिसत नाही. तिला सही जुळली म्हणजे पुरे.

या ठिकाणी मला स्वतःला असे वाटते की, वादातील सर्वांत मोलाचे वाक्य नानांचे हे शेवटचे होते. खाते कसे चालवावयाचे याचे जे लेखी निर्देश बँकेकडे दिलेले असतात, त्यांप्रमाणे सह्या असल्या की बँक पैसे देते. तो खर्च मंजूर होता किंवा नाही, याची चौकशी करण्याचा सामान्यतः तिला अखत्यार नसतो. म्हणजे न्यासाचा पैसा सुरक्षित ठेवण्याचे काम बँकेचा कारकून करील अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ती सोडून दिली पाहिजे; ते काम ठरावाच्या शब्दांनी करावयाचे आहे.

भाऊंनी तेव्हा न्यासपत्राची नक्कल आणली. तीत असे कलम होते की, न्यासाची बँक खाती विश्वस्त मंडळ वेळोवेळी ठरावाने ठरवील त्या एका किंवा अधिक विश्वस्तांच्या सहीने चालविली जातील.

भाऊ : पाहा, ‘एका किंवा अधिक’ असे स्पष्ट लिहिले आहे. न्यासपत्र लिहिणाऱ्यांना ही अडचण ठाऊक असली पाहिजे. मग आपली हरकत कायद्याची उरली नाही.

नाना : कायद्याची उरली नाही, हे मी मान्य करतो. कलमात ‘कोणत्याही दोघांच्या’ असे असते, तर एका सहीचा ठराव सातांनी एकमताने केला असता तरी तो निरर्थक ठरला असता, कारण ठराव न्यासपत्राच्या बाहेर जाऊ शकत नाही. आणि संस्था १८६० च्या अधिनियमाखालीही नोंदलेली असेल, तर तिच्या घटनेतील नियम असेच पाहावे लागतात. आपल्या न्यासपत्राने मोकळीक दिली आहे. पण ती घेतलीच पाहिजे असे नाही. आता मी जे सांगतो ते आपल्या हिताचे आहे, भाऊ, न्यासाच्या हिताचे तर आहेच. एका विश्वस्ताने न्यासाचा भंग केला, तर बाकीचे त्याला सामान्यतः जबाबदार नसतात. पण ज्यांनी न्यासाचा पैसा त्याच्या एकट्याच्या हाती जाऊ दिला आणि त्याचे पुढे काय झाले याची वाजवी चौकशी केली नाही, त्यांना तो आधार मिळत नाही. १८८२ च्या अधिनियमात २६ व्या कलमाने हेच मांडले आहे. म्हणजे एका सहीचा ठराव करून सहा जण आपली जबाबदारी कमी करीत नाहीत, ती वाढवून घेतात. आणि आपल्यापुरते बोलावयाचे, तर उद्या कोणी हिशेबाबद्दल कुजबूज केली, तेव्हा प्रत्येक धनादेशावर दुसऱ्या कोणाची तरी सही आहे, ही गोष्ट आपल्या बाजूची सर्वांत मोठी साक्ष होईल.

भाऊ यावर काही वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी दोन सह्या मान्य केल्या, पण एक अट घातली, आणि ती अट ऐकून माझ्या मनात त्यांच्याविषयीचा आदर वाढला, कारण ती स्वतःच्या सोयीसाठी नव्हती.

भाऊ : दोन सह्या ठेवू. मात्र त्यांतील एक अध्यक्षांचीच असावी. वसतिगृहाची जागा त्यांनी दिली, पहिली देणगी त्यांची. त्यांच्या सहीवाचून पैसा जावा, हे मला बरे वाटत नाही.

नाना : आपली भावना मी जाणतो, तरी ही अट मान्य करू नये असेच मी म्हणेन. एक नाव अनिवार्य केले की, त्या नावाच्या माणसाचे आजारपण हे खात्याचे आजारपण होते. ईश्वराने अध्यक्षांना शतायुषी करावे. पण त्यांचा हात थरथरतो, हे आपणच आता सांगितलेत. नमुना स्वाक्षरीशी सही जुळली नाही म्हणून धनादेश परत आले, तर दुकानदाराला काय सांगणार? आणि माणूस गेला, म्हणजे अनिवार्य सही कायमची गेली. नवा ठराव, नवी नमुना स्वाक्षरी आणि नवे कागद होईपर्यंत खाते गोठते. मी खजिनदारांची सही अनिवार्य करावी असे सुचविणार होतो.

भाऊ : तीच गोष्ट खजिनदारांना लागू आहे, नाना. गुरुजी अर्धे दिवस पुण्यास असतात.

नाना : तेही खरे. तेव्हा कोणाचीच सही अनिवार्य नको. चार नावे द्यावीत, त्यांपैकी कोणत्याही दोघांची संयुक्त सही. चार यासाठी की, दोन गावात असली म्हणजे काम चालते, आणि चौघांपैकी एखादा गळाला तरी उरलेल्या तिघांवर खाते चालू राहते. दोनच नावे देऊन ‘दोघांची संयुक्त’ असे लिहिणारे न्यास मी पुष्कळ पाहिले. त्यांपैकी एक जण वारला की खात्याला कुलूप लागते. मात्र या चौघांत पती-पत्नी, बाप-लेक असे दोन जण येऊ देऊ नयेत, नाहीतर दोन सह्या नावापुरत्याच दोन राहतात.

भाऊ : आपल्या चौघांत तसे कोणी नाही. अध्यक्ष, मी, गुरुजी आणि डॉक्टरबाई. बहुतेक वेळा सही माझी आणि बाईंची होईल. पण लहानसहान खर्चाचे काय? पन्नास रुपयांच्या औषधासाठी बाईंचा दवाखाना बंद करावयाचा काय?

नाना : त्यासाठी बँकेत एका सहीची सवलत ठेवू नका. ‘दहा हजारांपर्यंत एक सही, त्यावर दोन’ असा ठराव काही न्यास करतात, आणि बँका तो मानतातही. परंतु मग अठ्ठावीस हजारांचे बिल नऊ, नऊ आणि दहा अशा तीन तुकड्यांत जाऊ लागते. हिशेबात एकाच दुकानदाराला एकाच आठवड्यात मर्यादेच्या थोडे खालचे धनादेश दिसले, तर ही खूण ओळखावी. त्यापेक्षा चिटणिसाच्या हाती पाच हजारांची स्थायी रक्कम रोख द्यावी. ती संपत आली की पावत्या दाखवून दोन सह्यांच्या धनादेशाने पुन्हा भरून घ्यावी. रोज डॉक्टरबाईंचे दार ठोठावावे लागणार नाही, आणि पैसा पावतीवाचूनही जाणार नाही.

भाऊ : हे मला पटले. अमेरिकेतले आपले विश्वस्त म्हणत होते की, मला सहीदार करा, मी जाण्यापूर्वी पंचवीस धनादेशांवर सह्या करून ठेवीन.

नाना : कृपा करून हे कधीही होऊ देऊ नका! आगाऊ सही केलेला कोरा धनादेश म्हणजे दोन सह्यांच्या ठरावातून एक सही काढून टाकणे; आणि बाहेरून काहीच दिसत नाही, हे त्यातले खरे भय. धनादेशाच्या अर्धकावर तारीख एक, आणि सही करणारा त्या तारखेला परदेशात, असे लेखापरीक्षकाने एकदा जरी पकडले, तरी तो त्याच्या अहवालाचा विषय होतो. हीच गोष्ट आता संगणकावरून पैसे पाठविण्यात होते, आणि ती तर कोणाच्या लक्षातही येत नाही. धनादेशाला दोन सह्या लागतात, पण इंटरनेटवरून खाते चालविण्याचे एकच नाव आणि एकच संकेतशब्द न्यासाने घेतला, म्हणजे मागच्या दाराने एकट्याचा कारभार सुरू झाला. तेथेही एकाने व्यवहार नोंदवावा आणि दुसऱ्याने आपल्या स्वतंत्र संकेतशब्दाने तो मंजूर करावा, अशी व्यवस्था बँकेकडून मागून घ्यावी लागते. ठरावात तसे लिहिले नसेल तर बँक आपल्या सोयीची देते. दोन्ही सहीदारांच्या नावापुढे बँकेत एकाच माणसाचा मोबाइल क्रमांक नोंदलेला असेल, तर ती दुसरी मंजुरी खोटी आहे असे समजावे.

भाऊ : आणि पुढे आपण पगारी व्यवस्थापक नेमला, तर त्याला सहीचा अधिकार देता येईल काय?

नाना : आपल्या न्यासपत्रात ‘विश्वस्तांच्या सहीने’ असे शब्द आहेत, म्हणून विश्वस्त नसलेल्याला नाही. न्यासपत्र परवानगी देत असेल तर देता येतो, पण तेथेही त्याची सही विश्वस्ताच्या सहीबरोबरची असावी, तिच्या ऐवजीची नसावी.

खाते कोणत्या बँकेत उघडावयाचे, यावर वाद फार झाला नाही, तरी तो सांगण्यासारखा आहे. गावातील पतसंस्थेत व्याज अधिक मिळते, आणि तेथील संचालक ओळखीचे, म्हणून भाऊंचा कल तिकडे होता. नानांनी १९५० च्या अधिनियमाचे ३५ वे कलम दाखविले. तात्काळ खर्चास न लागणारा न्यासाचा पैसा अनुसूचित बँकेत, टपाल खात्याच्या बचत बँकेत किंवा राज्य शासनाने या कामासाठी मान्यता दिलेल्या सहकारी बँकेत ठेवावा, नाहीतर सरकारी रोख्यांत गुंतवावा, असा त्यात निर्देश आहे, आणि पतसंस्था ही बँक नव्हे. पतसंस्था बुडाल्यावर देणगीदारांना काय उत्तर द्यावयाचे, हा प्रश्न मग नानांना विचारावा लागला नाही.

कागदपत्रांच्या बाबतीतही भाऊंची समजूत अशी होती की, न्यासपत्र आणि अध्यक्षांचे पत्र नेले की काम होते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बँकेला नोंदणीचा दाखला, न्यासपत्र, न्यासाचा स्वतःचा पॅन, विश्वस्तांची यादी, न्यास स्थापणाऱ्यांची माहिती आणि खाते चालविणाऱ्या प्रत्येकाची ओळख व पत्ता यांचे पुरावे लागतात. शिवाय नीति आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावर न्यासाची नोंद आहे की नाही, हे ती पाहते. नानांनी यांतील एकाच गोष्टीवर भर दिला, आणि ती अशी की, दाखल्यावर, न्यासपत्रावर आणि पॅनवर न्यासाचे नाव अक्षरशः एकच असले पाहिजे. एका ठिकाणी ‘मंडळ’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ट्रस्ट’ असे झाले, तर खाते उघडण्याचे तेथेच थांबते. आणि पॅनचे चौथे अक्षर टी असेल तरच तो न्यासाचा आहे असे समजावे, पी असेल तर कोणीतरी स्वतःचा पॅन दिला आहे. विश्वस्ताच्या नावाने उघडलेल्या खात्यात न्यासाचा पैसा जमा झाला, तर तो कायद्याच्या दृष्टीने कोणाचा, हा वाद त्या विश्वस्ताच्या वारसांशी घालावा लागतो.

यानंतर चर्चा ठरावाच्या मजकुराकडे वळली, आणि भाऊंनी बँकेतून आणलेला छापील नमुना पुढे ठेवला.

भाऊ : यात गाळलेल्या जागा भरल्या, दोघातिघांनी सह्या केल्या आणि शिक्का मारला की झाले. बँकेचे लोकही तसेच म्हणतात.

नाना : बँकेला हवा असतो तो कागद; आपल्याला हवा आहे तो ठराव. ठराव बैठकीत होतो, कागदावर होत नाही. न्यासपत्रात सांगितलेल्या मुदतीची नोटीस सातही विश्वस्तांना गेली पाहिजे, विषयपत्रिकेत ‘बँक खाते उघडणे व सहीचे अधिकार’ हा विषय लिहिलेला असला पाहिजे, बैठकीला गणपूर्तीइतके विश्वस्त हजर असले पाहिजेत, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह ठराव इतिवृत्ताच्या वहीत नोंदला गेला पाहिजे, आणि मग त्या नोंदीवरून खरी नक्कल काढून ती बँकेला दिली पाहिजे. छापील नमुना त्या नोंदीशी शब्दशः जुळत असेल तर वापरावा. पुढे वाद झाला की पहिली विचारणा इतिवृत्ताच्या वहीची होते. बँकेत नक्कल आहे आणि वहीत ठरावच नाही, असे निघाले, की साऱ्या व्यवहारांवर संशय येतो. आणखी एक गोष्ट : ज्याला सहीचा अधिकार मिळतो, त्यानेच नकलेवर ‘खरी नक्कल’ म्हणून एकट्याने सही करू नये. अध्यक्षांनी करावी, आणि जोडीला सहीदार नसलेल्या एखाद्या विश्वस्ताने. ती दुसरी सही मी करीन.

नानांनी मग जो मजकूर सांगितला आणि भाऊंनी जो लिहून घेतला, तो थोडक्यात असा होता : “न्यासपत्राच्या बँक खात्याविषयीच्या कलमान्वये असे ठरविण्यात येते की, न्यासाच्या नावाने सदर बँकेच्या तालुका शाखेत बचत खाते उघडण्यात यावे. हे खाते खाली नाव व हुद्दा यांसह नमूद केलेल्या चार विश्वस्तांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने चालविण्यात यावे. इंटरनेटद्वारे होणारा प्रत्येक व्यवहार यांपैकी एकाने नोंदवावा व दुसऱ्याने मंजूर करावा. मंडळाने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकाबाहेरचा खर्च मंडळाच्या स्वतंत्र ठरावावाचून करू नये. या खात्यावर कर्ज अथवा अधिकर्ष घेण्याचा अधिकार सहीदारांस राहणार नाही. सहीदार विश्वस्त राहिला नाही, तर त्याचा सहीचा अधिकार त्याच दिवशी संपेल, व तसे बँकेस लेखी कळविण्याची जबाबदारी चिटणिसाची राहील. या ठरावात बदल मंडळाच्या नव्या ठरावानेच होईल.”

कर्जाविषयीचे वाक्य भाऊंना अनावश्यक वाटले. नानांनी १९५० च्या अधिनियमाच्या ३६-अ कलमाकडे बोट दाखविले, ज्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. आणि बँकेच्या छापील नमुन्यात कर्ज व अधिकर्ष घेण्याचे अधिकार आधीच छापलेले असतात, ते खोडावयाचे राहून जाते, असे सांगितले.

भाऊ : आता शेवटची शंका. नाव आणि हुद्दा असे दोन्ही का लिहावयाचे? नुसता हुद्दा लिहिला, तर चिटणीस बदलला तरी ठराव तसाच चालेल.

नाना : बँक हुद्द्याची सही जुळवू शकत नाही, माणसाची जुळवते. नुसते नाव लिहिले, तर तो माणूस विश्वस्त राहिला नाही तरी बँकेच्या दृष्टीने सहीदार राहतो. दोन्ही लिहावे, आणि विश्वस्त बदलला की दोन कामे करावीत : नव्वद दिवसांच्या आत त्याच अधिनियमाच्या २२ व्या कलमाखाली बदल अर्ज धर्मादाय दफ्तरी दाखल करावा, आणि नवा ठराव बँकेला द्यावा. लोक दुसरे करतात आणि पहिले विसरतात. मग बँक परिशिष्ट एकचा उतारा मागते. त्यावर वारलेल्या विश्वस्ताचे नाव जिवंत असते आणि नव्याचे नसते. बदल अर्जाचा निकाल लागेपर्यंत नव्या विश्वस्तांनी काम करू नये असे नाही; पण अर्ज दाखल झाल्याची पोच हाती असेल, तर शाखाधिकाऱ्याशी बोलण्यास तोंड राहते. आणि दुर्दैवाने मंडळात दोन तट पडले, दोघांनीही आपापले ठराव बँकेकडे धाडले, तर बँक कोणाचेच न ऐकता व्यवहार थांबविते. त्या वेळी कोण विश्वस्त आहे हे ठरविण्यास तिच्यापाशी दफ्तरच्या उताऱ्याखेरीज दुसरा आधार नसतो.

ठराव बैठकीत सर्वानुमते मंजूर झाला. भाऊंच्या मूळ आग्रहापैकी एकच गोष्ट शिल्लक राहिली, ती हाती ठेवावयाच्या स्थायी रकमेची; आणि माझ्या मते तेवढीच शिल्लक राहणे योग्य होते. भाऊंचे म्हणणे वसतिगृहाच्या रोजच्या गरजेतून आले होते, ते खोटे नव्हते; परंतु ती गरज सहीचा अधिकार एकवटून भागवावयाची नव्हती. ज्या वाचकांचा एखाद्या न्यासाशी विश्वस्त म्हणून संबंध आहे, त्यांनी इतके तरी करावे : बँकेत आज नोंदलेल्या सहीदारांची यादी लेखी मागून घ्यावी आणि ती परिशिष्ट एकच्या ताज्या उताऱ्याशी ताडून पाहावी. दोन्हींमधली नावे जुळत नसतील, तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला घ्यावा.